१०५ पैकी एक: प्रथिनाची घडी कोण ठरवते?

आरएनएवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत एका प्रथिनाची सगळ्यांना धास्ती असते. त्याचे नाव रायबोन्यूक्लिएज. आरएनएचे तुकडे करणे हे त्याचे काम. आपल्या बोटांच्या त्वचेवरही या जातीची विकरे असतात, म्हणून तिथे हातमोज्यांशिवाय कुणी काचेच्या भांड्याला हात लावत नाही. भांडे उकळून घेतले की झाले, असे नवख्याला वाटते. पण गाईच्या स्वादुपिंडातून मिळणाऱ्या रायबोन्यूक्लिएज ‘ए’चे द्रावण उकळवून थंड केले आणि पुन्हा तपासले, तर ते बहुतांशी पूर्वीसारखेच आरएनए तोडताना आढळते. म्हणून काचेची भांडी कोरड्या भट्टीत कित्येक तास भाजून काढावी लागतात.

हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही, असे मात्र नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या थोडे वर गेले की त्याची घडी मोडते, साखळी मोकळी होते आणि आरएनए तोडण्याची शक्ती पार जाते. खरी गोष्ट पुढे आहे. थंड झाल्यावर तीच साखळी पुन्हा नेमकी तीच घडी घालते. तिला ती घडी कोण सांगते? शेजारी साचा नाही, पेशी नाही, जुना नमुना नाही. आहे ते फक्त पाणी, थोडे क्षार आणि ती साखळी. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ख्रिश्चन अँफिन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही वर्षांत शोधले. त्यासाठी त्यांनी निवडले ते हेच प्रथिन.

निवडीमागे व्यवहारी कारणे होती. हे प्रथिन लहान आहे: एकच साखळी, १२४ अमिनो आम्लांची. ते सहज मिळतही होते, कारण आर्मर या मांसप्रक्रिया कंपनीने कत्तलखान्यातल्या स्वादुपिंडांपासून सुमारे किलोभर शुद्ध रायबोन्यूक्लिएज तयार करून संशोधकांना थोडे थोडे वाटले होते. शिवाय न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन त्याच्या साखळीतला अमिनो आम्लांचा क्रम एकेक करून लावत होते. क्रम माहीत असलेले, मुबलक मिळणारे आणि ज्याचे काम मोजता येते असे प्रथिन त्या काळी दुर्मीळच होते.

काम मोजता येणे फार महत्त्वाचे होते, कारण या प्रथिनाचे काम पूर्णपणे घडीवर अवलंबून आहे. आरएनए तोडण्याच्या जागी दोन हिस्टिडीन लागतात. त्यातले एक साखळीत १२ व्या क्रमांकावर, तर दुसरे ११९ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या टोकाला आहे. साखळी सरळ पसरली तर ही दोघे एकमेकांपासून फार लांब राहतील. घडी बरोबर बसली तरच ती समोरासमोर येतात, ४१ व्या क्रमांकाचे लायसीन त्यांच्या जवळ येते आणि कात्री चालू लागते. म्हणजे आरएनए तुटते आहे की नाही हे पाहिले, की घडी बरोबर बसली आहे की नाही तेही कळते.

ही घडी टिकते कशाने? पाठ्यपुस्तके तिला तृतीयक संरचना म्हणतात आणि ती धरून ठेवणाऱ्या बलांची यादी देतात. पण ही बले एकाच प्रकारे काम करत नाहीत, आणि तो फरक ध्यानात घेतल्याशिवाय अँफिन्सेन यांच्या प्रयोगाचा खरा अर्थ उमगत नाही.

पहिले बल खरे तर पाण्याचे आहे. साखळीतल्या व्हॅलीन, ल्युसीन, फेनिलअ‍ॅलानीन यांसारख्या अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्या तेलकट असतात. अशी फांदी पाण्यात उघडी राहिली, की तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना इकडेतिकडे वळण्याची मोकळीक कमी होते, कारण त्या बाजूला त्यांना हायड्रोजन बंध जोडायला कुणी नसते. तेलकट फांद्या एकमेकींजवळ आतल्या बाजूला दडल्या, की पाणी मोकळे होते. साखळी गोळा होते ती मुख्यतः यामुळे. प्रथिनांच्या बाबतीत या जलविरोधी परिणामाला पहिले स्थान द्यायला हवे, हे वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये ठासून मांडले.

पण नुसते गोळा होणे म्हणजे घडी नव्हे. तेलाचा थेंबही गोळाच होतो. नेमका आकार ठरतो तो पुढच्या दोन गोष्टींनी. आत शिरलेल्या फांद्या एकमेकींना इतक्या घट्ट बसाव्या लागतात की मध्ये जवळजवळ पोकळी उरू नये. अणू अगदी जवळ आले की त्यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण निर्माण होते. एकेक पाहिले तर ते क्षुल्लक असते, पण शेकडो ठिकाणी मिळून मोठे होते. दुसरी गोष्ट हायड्रोजन बंधांची. साखळीच्या कण्यावर जागोजाग नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. साखळी उलगडलेली असताना त्यांची गाठ पाण्याशी पडते. ती आत गेली की पाणी सुटते, आणि मग त्यांना आतच जोडीदार मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर मोठी किंमत मोजावी लागते. त्यामुळे हायड्रोजन बंधांनी घडीला निव्वळ किती बळ मिळते हा हिशेब नाजूक असला, तरी कोणती घडी चालेल आणि कोणती नाही, हे ते फार काटेकोरपणे ठरवतात. याखेरीज धन आणि ऋण भारांच्या फांद्या समोरासमोर आल्या की त्यांच्यात आयनी आकर्षण होते; त्याचा हातभार लहान असतो आणि तो द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असतो.

या सगळ्यांच्या विरुद्ध एक मोठे बल आहे: साखळीचे स्वतःचे स्वातंत्र्य. उलगडलेली साखळी असंख्य प्रकारे वळू शकते. घडीत तिला एकाच आकारात राहावे लागते. निसर्ग हे सहजासहजी होऊ देत नाही, आणि तापमान वाढवले की या विरोधाचा जोर आणखी वाढतो. घडीच्या बाजूची आणि विरुद्ध बाजूची बेरीज-वजाबाकी केली, की शिल्लक उरते ती चकित करण्याइतकी लहान. रायबोन्यूक्लिएजसाठी साध्या तापमानाला ती प्रतिमोल सुमारे ९ किलोकॅलरी आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर गंधकाच्या दोन अणूंमधला एकच सहसंयुज बंध तोडायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात. म्हणजे शेकडो अणू जागच्या जागी ठेवणारी ही सबंध घडी एका बंधाच्या अंशभर शिलकीवर उभी आहे. थोडी उष्णता, थोडे आम्ल किंवा पुरेसा युरिया पडला तर ती मोडते. आणि शिल्लक घडीच्या बाजूची असल्यामुळे अडथळा दूर झाला की ती परतही येऊ शकते.

आता राहिले ते गंधकाचे पूल. रायबोन्यूक्लिएजमध्ये आठ सिस्टीन आहेत, आणि प्रत्येकाच्या फांदीच्या टोकाला गंधक आहे. दोन सिस्टीनांचे गंधक जोडले गेले की डायसल्फाइड बंध तयार होतो. नैसर्गिक प्रथिनात असे चार बंध आहेत: २६ क्रमांकाचे सिस्टीन ८४ शी, ४० चे ९५ शी, ५८ चे ११० शी आणि ६५ चे ७२ शी जोडलेले. हे बंध वर सांगितलेल्या सगळ्या बलांपेक्षा एकेकटे कितीतरी मजबूत आहेत. ते तोडले, तर साध्या पाण्यातही ही साखळी बहुतांशी उलगडलेलीच राहते. म्हणून पहिला तर्क असाच होईल, की घडी ठरवतात ते हे चार पूल. प्रयोगाने नेमका हाच तर्क खोडून काढला.

प्रयोग असा. रायबोन्यूक्लिएज ८ मोलर युरियात विरघळवायचे. शेतात टाकतात तोच हा युरिया, पण इतका की लिटरभर द्रावणात जवळजवळ अर्धा किलो. युरिया साखळीच्या कण्याशी स्वतःच हायड्रोजन बंध जोडतो आणि तेलकट फांद्यांनाही पाण्यापेक्षा जास्त सामावून घेतो. त्यामुळे आत दडण्यातला फायदा संपतो आणि साखळी मोकळी होते. यालाच शास्त्रज्ञ डीनेचरेशन म्हणतात. पण गंधकाचे चार पूल अजून शाबूत असतात. ते तोडायला मर्कॅप्टोइथेनॉल घालायचे, ज्याच्या सडक्या वासाने प्रयोग कुठल्या टेबलावर चालू आहे हे खोलीभर कळते. आता आठही गंधक सुटे होतात आणि साखळी पूर्ण उलगडते. आरएनए तोडण्याचे काम थांबते. पूर्वी आत दडलेली टायरोसीन नावाची अमिनो आम्ले पाण्यात उघडी पडतात, आणि त्यामुळे प्रथिन शोषून घेत असलेला अतिनील प्रकाशही बदलतो. घडी मोडली हे असे दोन स्वतंत्र मार्गांनी कळते.

मग युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल दोन्ही काढून टाकायचे आणि किंचित अल्कधर्मी, भरपूर पातळ केलेले द्रावण हवेत ठेवायचे. हवेतला ऑक्सिजन गंधकांना पुन्हा जोडायला लागतो. काही तासांत आरएनए तोडण्याची शक्ती जवळजवळ पूर्ण परत येते. प्रकाशाचे शोषण मूळपदावर येते. परतलेल्या प्रथिनाचे मूळ प्रथिनासारखेच स्फटिकही मिळतात.

हा निकाल किती विलक्षण आहे ते एका साध्या गणिताने ध्यानात येते. आठ गंधकांपैकी पहिल्याला सात जोडीदार उपलब्ध आहेत. एक जोडी झाली की उरलेल्या सहांतल्या पहिल्याला पाच, मग तीन, मग एक. ७ गुणिले ५ गुणिले ३ गुणिले १, म्हणजे १०५ प्रकारे हे चार पूल बांधता येतात. त्यातला एकच बरोबर. साखळीने आंधळेपणाने पूल बांधले असते, तर शंभरातला जेमतेम एखादा रेणू कामाचा निघाला असता. इथे मात्र जवळजवळ सगळेच निघाले.

तरीही एक शंका उरते. कदाचित साखळी पूर्ण उलगडलीच नसेल, कुठेतरी जुन्या घडीचा अंश शिल्लक राहिला असेल आणि त्याच्या आधाराने बाकीचे जमले असेल. तिचे उत्तर देणारा दुसरा प्रयोग माझ्या मते पहिल्यापेक्षाही निर्णायक आहे. त्यात एकच बदल केला: क्रम उलटा केला. आधी मर्कॅप्टोइथेनॉल काढून युरियातच हवेला गंधक जोडू दिले, आणि युरिया नंतर काढला. आता पूल बांधले जात असताना साखळी युरियामुळे मोकळीच होती. पाण्याचा रेटा, घट्ट बसणे, हायड्रोजन बंध यांतले काहीच काम करत नव्हते. मिळालेल्या प्रथिनात चारही पूल होते, पण शक्ती होती सुमारे १ टक्का, म्हणजे १०५ पैकी एकाच्या हिशेबाला धरून. जुन्या घडीचा एखादा अंश साखळीला वाट दाखवत असता, तर तो इथेही दिसला असता. दिसला तो निव्वळ योगायोग.

याचा अर्थ स्पष्ट आहे. युरिया नसताना दुर्बळ बलांनी बरोबर घडी निवडली आणि पूल तिच्यामागून आले. युरियात ती बले गप्प होती, तेव्हा तेच पूल निरर्थक जागी बांधले गेले. शिंपी आधी कापड बेततो आणि मग टाके घालतो. टाके कितीही पक्के असले तरी बेत त्यांनी ठरत नाही.

यापुढची पायरी तर आणखी बोलकी होती. चुकीच्या जोड्यांच्या या गोंधळलेल्या प्रथिनात, युरिया काढल्यानंतर, मर्कॅप्टोइथेनॉलचा अगदी थोडा अंश घातला. तेवढ्याने पूल सगळे तुटत नाहीत, पण अदलाबदल करू लागतात: एक तुटतो, दुसरा जुळतो, पुन्हा तुटतो. सुमारे दहा तासांत प्रथिन आपल्या मूळ, कार्यक्षम रूपात परतले. बाहेरून कोणी बरोबर जोड्या सांगितल्या नाहीत. चुकीच्या जोडीत साखळीची घडी नीट बसत नाही, म्हणून तो पूल उघडा राहतो आणि पुन्हा तुटतो. बरोबर जोडीत घडी घट्ट बसते, पूल आत झाकला जातो आणि मग सहजी सुटत नाही. साखळी उताराने जावी तशी सर्वांत कमी मुक्त ऊर्जेच्या अवस्थेकडे गेली. अँफिन्सेन यांनी हा निष्कर्ष पुढे नेमक्या शब्दांत मांडला: नेहमीच्या परिस्थितीत प्रथिनाची नैसर्गिक घडी ही त्या संपूर्ण व्यवस्थेची सर्वांत कमी मुक्त ऊर्जेची अवस्था असते, आणि ती अमिनो आम्लांच्या क्रमाने ठरते. १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अँफिन्सेन, मूर आणि स्टाइन या तिघांना मिळाले.

एक शेवटची वाट उरली होती. गाईच्या पेशीत जन्मलेल्या साखळीत क्रमापलीकडचे काही असले तर? ते तपासायचे, तर साखळी पेशीबाहेर, एकेक अमिनो आम्ल जोडून बनवायला हवी. १९६९ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात बर्न्ड गुटे आणि ब्रूस मेरिफील्ड यांनी यंत्राच्या साहाय्याने, शेकडो रासायनिक अभिक्रियांतून ही १२४ अमिनो आम्लांची साखळी तयार केली. हवेत गंधक जोडू दिल्यावर ती आरएनए तोडू लागली. या साखळीने पेशी कधी पाहिलीच नव्हती. तिच्यापाशी फक्त क्रम होता. याच सुमारास, १९६७ मध्ये, बफेलो येथे गोपीनाथ कार्था, जेक बेलो आणि डेव्हिड हार्कर यांनी क्ष-किरणांनी रायबोन्यूक्लिएजची प्रत्यक्ष घडी पाहिली. हे कार्था म्हणजे मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांच्याबरोबर कोलॅजेनची तिपेडी रचना मांडणारे संशोधक. १२ आणि ११९ क्रमांकाची हिस्टिडीन एकमेकांच्या जवळ बसलेली त्या चित्रात दिसत होती.

असे असेल, तर उकडलेले अंडे थंड झाल्यावर पुन्हा कच्चे का होत नाही? अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांनाही क्रम आहेच. पण तिथे साखळ्या फार दाट असतात, वजनाने सुमारे दहा टक्के. उलगडल्यावर एका साखळीचा तेलकट भाग स्वतःच्या भागाला भेटण्याआधी शेजारणीच्या भागाला भेटतो, आणि सगळ्या मिळून घट्ट जाळे तयार होते. क्रम घडी ठरवतो, पण तिथवर पोचायला साखळीला एकांत लागतो. म्हणूनच अँफिन्सेन यांचे द्रावण पातळ होते; ते दाट ठेवले तर रायबोन्यूक्लिएजच्याही साखळ्या एकमेकींना पूल बांधून गाळ बनतात, आणि द्रावण गढूळ दिसू लागले की काहीतरी बिनसल्याचे कळते. पेशीच्या आत दाटी खूप असते, म्हणून तिथे चॅपरोन नावाची मदतनीस प्रथिने लागतात. ती अर्धवट घडीच्या साखळीला शेजारणींपासून दूर ठेवतात. घडी कोणती घालायची ते सांगत नाहीत.

वेळेचाही प्रश्न होता. प्रयोगात काही तास लागत, पेशीत मात्र असे प्रथिन मिनिटांत तयार होते. ही तफावत अँफिन्सेन यांना खटकली आणि १९६३ मध्ये त्यांच्या गटाने यकृतात गंधकाच्या पुलांची अदलाबदल वेगाने करणारे विकर शोधून काढले. तेही फक्त वेग वाढवते, उत्तर बदलत नाही.

मात्र याच विकराने एक महत्त्वाची मर्यादा उघडी केली. ते इन्शुलिनवर वापरले, तर इन्शुलिन सुधारण्याऐवजी बिघडते. इन्शुलिनच्या दोन साखळ्या आहेत, २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या, तीन पुलांनी बांधलेल्या. ते पूल तोडून पुन्हा जोडू दिले तर योग्य इन्शुलिन फारच थोडे मिळते. कारण शरीरात इन्शुलिन दोन साखळ्यांच्या रूपात घडतच नाही. आधी एकच लांब साखळी, प्रोइन्शुलिन, बनते. तिची घडी बसते, पूल बांधले जातात आणि मग मधला तुकडा कापून टाकला जातो. घडीची सूचना त्या अख्ख्या साखळीत होती, आणि कापल्यावर तिचा एक भाग हरवला. प्रोइन्शुलिनचे पूल तोडले, तर ते मात्र चांगले परतते. क्रमाचा नियम मोडला नाही. क्रम कोणता धरायचा, तेवढे कळले.

आज जिवाणूंमध्ये मानवी इन्शुलिन बनवताना हेच ज्ञान थेट कामी येते. जिवाणूत प्रोइन्शुलिनची साखळी घडीशिवाय गोळे होऊन साचते. ते गोळे युरियासारख्या द्रावणात विरघळवतात, पूल सोडवतात, मग द्रावण पातळ करून पुलांना अदलाबदल करू देतात. घडी बरोबर बसली की मधला तुकडा कापतात. घडी आधी, कापणे नंतर: हा क्रम उलटा केला तर हातात येते ते बहुतांशी निकामी प्रथिन.